वेफर्सच्या पाकिटावरचे 627 आणि 631 : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण आणि चवथ जवळ आली की आमच्याकडे पाकिटांचे फोटो येऊ लागतात आणि त्यांच्याखाली बहुधा एकच प्रश्न असतो : ‘यात 631 आहे, हे शिवराक आहे ना?’ त्याचे उत्तर इथे सविस्तर देत आहोत. उदाहरणासाठी टोमॅटो चवीच्या बटाटा वेफर्सच्या पाकिटावर सहसा जशी यादी असते तशी एक घेतली आहे :

बटाटा, पामोलीन तेल, मसाला [साखर, आयोडीनयुक्त मीठ, टोमॅटो पावडर, कांदा पावडर, लसूण पावडर, हायड्रोलाइझ्ड व्हेजिटेबल प्रोटीन (सोया), मिरची पूड, फ्लेवर एन्हान्सर (627, 631), अॅसिडिटी रेग्युलेटर (330, 296), अँटिकेकिंग एजंट (551), रंग (160c)]

यादी वाचायची कशी

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बटाटा पहिला म्हणजे सर्वांत जास्त. मोठ्या कंसातला सगळा ऐवज मिळून एकच घटक आहे, तो म्हणजे वरून भुरभुरलेला मसाला. कंसातही तोच उतरता क्रम असतो. त्यामुळे शेवटी आलेले क्रमांक हे आधीच थोड्या असलेल्या मसाल्याचाही लहानसा भाग असतात.

हे क्रमांक कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या यादीतले आहेत. युरोपच्या पाकिटांवर बहुतेक हेच क्रमांक आधी ‘ई’ लावून येतात. आपल्याकडे उत्पादकाने आधी त्या पदार्थाचे काम लिहायचे आणि मग त्याचे नाव किंवा क्रमांक. म्हणून क्रमांकाआधीचा शब्द कधीही सोडू नका. ‘रंग’, ‘अँटिकेकिंग’ हे शब्दच अर्धा अर्थ सांगून टाकतात.

627, 631 आणि मासळीची शंका

631 म्हणजे डायसोडियम इनोसिनेट आणि 627 म्हणजे डायसोडियम ग्वानिलेट. मासळीची शंका निराधार नाही. इनोसिनेटची चव १९१३ साली जपानमध्ये ओळखली गेली ती सुकवलेल्या बोनिटो माशात. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतली ऊर्जा साठवणारी द्रव्ये मोडतात आणि त्यातून इनोसिनेट तयार होते. सुक्या मासळीच्या किसमुरीला जी भरीव चव येते, तिच्यात याचाही वाटा असतो. पूर्वी मासे आणि मांस यांपासून ते काढतही असत. आज मात्र कारखान्यात ते बहुतेक साखर किंवा टॅपिओकाच्या स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवून बनवतात.

क्रमांक दोन्हींचा एकच. म्हणजे 631 वाचून ते मासळीचे की आंबवलेले, हे कळत नाही. ते ठरते पाकिटावरच्या खुणेने. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल असेल तर क्रमांकाने दाखवलेले पदार्थसुद्धा प्राणिजन्य असू शकत नाहीत. प्राणिजन्य 631 वापरले तर तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. दूध आणि मध यांना या नियमात सूट आहे.

हिरवा गोल कांदा-लसणाबद्दल मात्र काहीच सांगत नाही, आणि व्रताच्या दिवशी चूक होते ती इथेच. वरच्या यादीत कांदा आणि लसूण सरळ लिहिले आहेत, म्हणून प्रश्न मिटला. पण नुसते ‘मसाले’ असे लिहिलेले असेल, तर त्यात लसूण नाही असे आम्ही फोटो पाहून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. अशा वेळी पाकीट बाजूला ठेवलेले बरे.

621 नाही, तरी तीच चव कशी?

621 म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, बाजारातल्या बोलीत अजिनोमोटो. वरच्या यादीत ते नाही. पण 627 आणि 631 यांना एकट्याने फारशी चव नसते. सोबत ग्लुटामेट असले की दोघे मिळून ती चव कित्येक पटींनी वाढवतात. ग्लुटामेटशिवाय ते घालणे म्हणजे पैसे वाया. मग इथे ते कुठून आले? टोमॅटो पावडरमधून, आणि मुख्यतः हायड्रोलाइझ्ड व्हेजिटेबल प्रोटीनमधून. सोयाचे प्रथिन तोडले की त्यातले ग्लुटामेट मोकळे होते. यीस्ट एक्स्ट्रॅक्टही हेच काम करते. त्यामुळे ‘एमएसजी घातलेले नाही’ हे वाक्य खरे असते, पण पाकिटात ग्लुटामेटच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ज्यांना ते टाळायचेच आहे त्यांनी 621 सोबत हे दोन शब्दही शोधावेत.

इथेच सोयाची अॅलर्जी असलेल्यांनी थांबावे. यादीखाली अॅलर्जीची वेगळी ओळ असते, तिच्यातही सोया दिसायला हवा.

627 आणि 631 शरीरात मोडल्यावर यूरिक अॅसिड बनते. प्रमाण थोडे असते, तरी गाउटचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल, तर रोजच्या खाण्यात हे दोन क्रमांक नकोत.

उरलेले चार

330 सायट्रिक आणि 296 मॅलिक अॅसिड. हुमणात सोलं जे काम करतात तेच इथे हे करतात. सायट्रिकचा आंबटपणा चटकन लागतो आणि जातो, मॅलिकचा जिभेवर रेंगाळतो, म्हणून जोडी. 551 म्हणजे सिलिका. हवेतला ओलावा धरून मसाल्याच्या गुठळ्या होऊ देत नाही. 160c हा लाल ढबू मिरचीच्या जातीतून काढलेला रंग.

रंगापुढे 102, 110 किंवा 122 दिसले तर तो कृत्रिम रंग. त्याला परवानगी आहे, पण मर्यादेत. सुट्या फरसाणावर मात्र यादीच नसते, त्यामुळे पिवळाधमक शेवेचा रंग कोणता हे विचारूनही कळेलच असे नाही.

आणखी एक क्रमांक लक्षात ठेवा : 508, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या खाऊत मिठाऐवजी ते येऊ शकते. रक्तदाबवाल्यांसाठी म्हणून आणलेले असे पाकीट किडनीच्या रुग्णाला चालेलच असे नाही. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

फोटो कसा पाठवावा

पाकीट रिकामे करून, कापून सपाट करा. फुगलेल्या पाकिटावर ओळीची टोके वळतात आणि नेमका शेवटचा क्रमांक कापला जातो. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळ तिरप्या उजेडात घ्या, कारण चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो.

बारीक छपाईत अंक फसवतात. 330 ऐवजी 320 वाचले गेले तरी आधीच्या शब्दावरून शंका घेता येते. पण 621 आणि 627 दोन्ही फ्लेवर एन्हान्सरच आहेत. तिथे पुसट 1 आणि 7 यांच्यातला फरक कोणताही शब्द सांगत नाही, म्हणून अशा वेळी आम्ही दुसरा फोटो मागतो. कंसातली अक्षरेही येऊ द्या : 150a हा साधा कॅरामल, तर 150d अमोनिया आणि सल्फाइट वापरून केलेला.

फोटो दोन हवेत : एक पूर्ण यादीचा, अॅलर्जीच्या ओळीसह, आणि दुसरा समोरच्या बाजूचा, ज्यात हिरवी किंवा तपकिरी खूण दिसेल. इंटरनेटवरून घेतलेले चित्र नको. त्याच नावाच्या खाऊचे घटक मधल्या काळात बदललेले असतात, आणि परदेशी बाजारासाठीचे पाकीट तर वेगळेच असते. तुमच्या हातात आहे त्याच पाकिटाचा फोटो पाठवा.