न्यूमोनियात बेडक्याचा ग्रॅम स्टेन: पात्रता, फॉर्म आणि रिपोर्ट

न्यूमोनियाचा पेशंट वॉर्डात दाखल झाला की नातेवाइकांच्या हातात एक निर्जंतुक डबी आणि लॅबचा फॉर्म येतो. बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहतात ते कल्चर, त्याचा पक्का रिपोर्ट यायला साधारण दोन दिवस लागतात. पण त्याच नमुन्याचा ग्रॅम स्टेन, म्हणजे काचेच्या स्लाइडवर रंग देऊन जंतू भिंगाखाली पाहणं, तासाभरात होऊ शकतो. पहिल्या दिवशी दिलेलं अँटिबायोटिक बरोबर आहे की त्यात भर घालायला हवी, याचा पहिला अंदाज याच स्लाइडवरून येतो. मात्र नमुना, फॉर्म आणि वेळ यांपैकी काही चुकलं तर हा तासाभराचा फायदा हातचा जातो. म्हणून ही सगळी प्रक्रिया क्रमाने सांगतो.

ही तपासणी कोणासाठी?

साध्या न्यूमोनियात, पेशंट घरी राहून गोळ्या घेत असेल, तर सहसा ही तपासणी लागत नाही. अमेरिकेतल्या छातीरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ती दाखल पेशंटमध्ये ठराविक परिस्थितीत करायची असते. एक, आजार गंभीर असेल. दोन, एमआरएसए किंवा स्यूडोमोनास या नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संशय धरून औषध सुरू केलं असेल, किंवा पूर्वी त्यांचा संसर्ग होऊन गेला असेल. तीन, गेल्या 90 दिवसांत पेशंट रुग्णालयात राहून शिरेतून अँटिबायोटिक घेऊन गेला असेल. इतर बऱ्याच रुग्णालयांचे नियम याच धर्तीवर असतात.

नमुन्याची पात्रता

सर्वांत जास्त गाडी अडते ती इथे. लाळ वेगळी आणि बेडका वेगळा. लाळेत तोंडातले जंतू असतात, आपल्याला फुप्फुसातले हवेत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून जे घट्ट, पिवळट येईल ते थेट डबीत घ्यायचं. जमलं तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. पण पेशंट अत्यवस्थ असेल तर नमुन्यासाठी डोस थांबवायचा नाही.

नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. खोलीत तसाच पडून राहिला तर तोंडातले जंतू वाढतात आणि खरे कारणीभूत जंतू मरतात.

लॅबमध्ये आम्ही आधी जंतू शोधत नाही, नमुना तपासतो. कमी ताकदीच्या भिंगाखाली एका दृश्यात 10 पेक्षा कमी चपट्या पेशी आणि 25 पेक्षा जास्त पू-पेशी दिसल्या, तर नमुना उत्तम. चपट्या पेशी तोंडाच्या आतल्या आवरणातून येतात. त्यांची गर्दी दिसली म्हणजे डबीत लाळ आहे. अशा वेळी नमुना नाकारून दुसरा मागवतात. यात कोणाची अडवणूक नसते. लाळेतले जंतू पाहून औषध ठरवलं तर पेशंटचं नुकसान होतं. ज्याच्या पांढऱ्या पेशी केमोथेरपीमुळे घटल्या आहेत त्याच्या बेडक्यात पू-पेशी दिसणारच नाहीत, म्हणून त्याला ही अट लावत नाहीत. क्षयाच्या तपासणीलाही हा निकष लागू नाही.

फॉर्म आणि लेबल

डबीच्या अंगावर पेशंटचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. लेबल झाकणावर लावू नका, झाकण उघडलं की नाव आणि नमुना वेगळे होतात. फॉर्मवर तेच नाव, तोच क्रमांक, वय, नमुन्याचा प्रकार, घेतल्याची वेळ आणि संभाव्य निदान लिहायचं.

दोन रकाने बहुतेक वेळा कोरे येतात, आणि तेच आम्हाला सर्वांत जास्त लागतात. पहिला, कोणतं अँटिबायोटिक केव्हा सुरू झालं. स्लाइडला रंग दिल्यावर काही जंतू जांभळे दिसतात, काही गुलाबी, आणि त्यावरूनच त्यांचा गट ठरतो. औषधाने जंतूची भिंत मोडकळीला आली की मूळचा जांभळा जंतूही गुलाबी दिसू शकतो. औषधाची नोंद असेल तर वाचणारा सावध राहतो. दुसरा रकाना डॉक्टरांच्या फोन नंबरचा. छापील रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो, तातडीचं काही दिसलं तर आम्ही फोनच करतो.

स्लाइडवर काय घडतं?

ही पद्धत हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये शोधली आणि 1884 मध्ये प्रसिद्ध केली. तो तेव्हा न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचाच अभ्यास करत होता.

बेडक्यातला पुवाळलेला ठिपका काचेवर पातळ पसरून वाळवतात. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट साधारण मिनिटभर, मग आयोडीन मिनिटभर. इथवर सगळंच जांभळं होतं. मग काही सेकंद अल्कोहोल किंवा अॅसिटोन ओततात, आणि शेवटी सॅफ्रॅनिनचा लाल-गुलाबी रंग देतात. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंत आणि तिच्यावर स्निग्ध पदार्थांचं बाहेरचं आवरण असलेले जंतू रंग सोडतात आणि गुलाबी होतात, ते ग्रॅम निगेटिव्ह.

त्या काही सेकंदांत हात थोडा जास्त रेंगाळला तर जांभळे जंतूही गुलाबी होतात, घाई झाली तर गुलाबी जंतू जांभळे राहतात. चूक ओळखायची खूण स्लाइडवरच असते. पू-पेशींची केंद्रकं गुलाबी दिसली पाहिजेत. ती जांभळी असतील तर रंग नीट धुतलेला नाही, स्लाइड पुन्हा करायची.

रिपोर्टवरून औषध

एक उदाहरण घेऊ. 58 वर्षांच्या बाई, आठवड्यापूर्वी फ्लू झालेला, आता पुन्हा ताप, धाप आणि रक्तदाब उतरलेला. दाखल होताच सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन सुरू केलं. बेडक्याचा रिपोर्ट आला: पू-पेशी भरपूर, चपट्या पेशी तुरळक, जांभळे गोल जंतू द्राक्षांच्या घोसासारखे, काही पू-पेशींच्या पोटात. हे रूप स्टॅफिलोकॉकसचं, आणि फ्लूनंतर तो फुप्फुसात शिरतो हे माहीत असलेलं आहे. त्याची एमआरएसए ही जात असेल तर सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी त्याच दुपारी व्हॅन्कोमायसिन जोडलं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये साधा, एमआरएसए नसलेला स्टॅफिलोकॉकस निघाला, तेव्हा व्हॅन्कोमायसिन बंद करून सेफॅझोलिनवर आणलं.

याच बाईंच्या स्लाइडवर टोकदार जांभळ्या जोड्या दिसल्या असत्या तर ते न्यूमोकॉकसचं रूप, सुरू असलेलं औषध सहसा पुरेसं. बारीक गुलाबी काड्या दिसल्या असत्या तर व्हॅन्कोमायसिनचा काहीच उपयोग नव्हता. जांभळा रंग सोडणाऱ्या या जंतूंचं बाहेरचं आवरण व्हॅन्कोमायसिनचा मोठा रेणू आत शिरू देत नाही. तिथे स्यूडोमोनासचा विचार करून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमकडे वळावं लागलं असतं.

स्लाइडवर कोणतं औषध लागू पडेल हे लिहिलेलं नसतं, ते कल्चरच सांगतं. आणि ‘जंतू दिसले नाहीत’ असा रिपोर्ट आला म्हणून अँटिबायोटिक बंद करायचं नाही. न्यूमोनिया करणारे काही जंतू या स्लाइडवर सापडत नाहीत: लिजिओनेला या रंगात जेमतेम दिसतो, मायकोप्लाझ्माला रंग धरायला भिंतच नसते. वरच्या उदाहरणात घोस दिसूनही अॅझिथ्रोमायसिन लगेच थांबवलं नाही, कारण ते याच दोन जंतूंसाठी असतं.