दोन मोबाइलवर शूटिंग करताय? एडिटिंगला देण्याआधी हे वाचा

कुस्तीचं मैदान, गॅदरिंग, भजनाचा कार्यक्रम असं दोन मोबाइलवर दोन बाजूंनी शूट करून आमच्याकडे जोडायला आणणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फोन महागातला असो वा साधा, घोळ बहुधा एकाच जागी होतो: चित्र आणि आवाजाची जुळणी.

खासबाग मैदानाचं उदाहरण घेऊ. एक फोन आखाड्याशेजारी, हलगीवाल्यापासून ६ मीटरवर. दुसरा वर पायऱ्यांवर, ४० मीटरवर. एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही क्लिपचा आवाज जुळवणारं बटण असतं. ते दाबलं की हलगीचा ठोका ठोक्यावर बसतो, आणि काम झालं असं वाटतं. पण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे वरच्या फोनपर्यंत ठोका ३४ मीटर जादा चालून, जवळजवळ ०.१ सेकंद उशिरा पोचतो. चित्राला मात्र असा उशीर होत नाही. त्यामुळे आवाज जुळवताना वरची क्लिप टाइमलाइनवर ०.१ सेकंद डावीकडे ओढली जाते. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ३ फ्रेम. वरच्या कॅमेऱ्यावर कट केला की टिपरू आधी आपटतं, ठोका मागून येतो. लांबून दिसणाऱ्या कुस्तीत हे खपून जाईल, हलगीत किंवा गाणाऱ्याच्या ओठांत नाही. इलाज सोपा: आवाजावर जुळवून झालं की वरची क्लिप टाइमलाइनवर ३ फ्रेम उजवीकडे सरकवायची. अंदाजाला एवढं लक्षात ठेवा, दोन फोनच्या अंतरातल्या दर साडेअकरा मीटर फरकाला एक फ्रेम. अंतर आवाजाच्या उगमापासून मोजायचं, दोन फोनमधलं नव्हे.

याहून पक्की पद्धत अशी. दोन्ही फोन एकमेकांशेजारी धरा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि हातभर अंतरावर, दोन्हीत हात दिसतील अशी एकच जोरदार टाळी वाजवा. मग रेकॉर्डिंग बंद न करता फोन आपापल्या जागी नेऊन स्टँडवर लावा. मधली दोन मिनिटं वाया जातात, जाऊ द्या. कार्यक्रम संपला की फोन पुन्हा एकत्र आणून दुसरी टाळी. ही शेवटची टाळी जवळजवळ सगळे विसरतात, आणि खरी माहिती तिच्यातच असते.

कारण प्रत्येक फोनचं आतलं घड्याळ थोडं वेगळं चालतं. समजा, ५० मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली टाळी तंतोतंत बसली, पण दुसऱ्या फोनची शेवटची ४ फ्रेम मागे पडली. ९०,००० फ्रेममध्ये ४, म्हणजे वेग बदलून दुरुस्त करायला फरक फारच बारीक. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये वेगाचा आकडा एवढा सूक्ष्म टाकताच येत नाही. त्यापेक्षा साधारण दर १२ मिनिटांनी, पडद्यावर पहिला फोन दिसत असताना दुसऱ्याची क्लिप कापा आणि तिथून पुढचा सगळा भाग एक फ्रेम डावीकडे घ्या. कापलेली जागा कुणालाच दिसत नाही.

फरक असा सावकाश वाढत न जाता मध्येच उडी मारत असेल, किंवा अर्ध्या सेकंदावर गेला असेल, तर दोष घड्याळाचा नाही. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमरेटने शूट करतो: उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम कमी घेतो. काही प्रोग्रॅम त्या सारख्याच अंतरावर आहेत असं धरून चालतात आणि चित्र घसरतं. फाइल MediaInfo मध्ये उघडून Frame rate mode समोर Variable दिसतंय का पाहा. असेल तर HandBrake मध्ये 30 आणि Constant Framerate निवडा, किंवा ही कमांड चालवा:

```
ffmpeg -i mobile2.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k mobile2_cfr.mp4
```

हे टाइमलाइनवर घेण्याआधी करायचं. जुळणी झाल्यावर केलं तर सगळी मेहनत पुन्हा. घरी जमत नसेल तर मूळ फाइलच द्या, आम्ही करून घेतो.

आवाज एकाच फोनचा ठेवा, जवळच्या. दोन्ही चालू राहिले तर विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही फोन आखाड्याच्या एकाच बाजूला लावा; समोरासमोर लावले तर कट होताच डावीकडचा पैलवान उजवीकडे जातो आणि कुणी कुणाला चितपट केलं तेच कळत नाही. एअरप्लेन मोड विसरू नका, मध्ये फोन वाजला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं आणि तिथून पुढच्या क्लिपला टाळीच उरत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर आणा, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे तो दाबला जातो. पेनड्राइव्ह exFAT असावा, FAT32 वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सोबत चिठ्ठीवर लिहा: कुठला फोन कुठे होता आणि आवाजापासून अंदाजे किती पावलांवर.