उतरताना बसणारा दणका आणि टायरमधली हवा : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर एटीआर विमान टेकतं, तेव्हा पहिला दणका टायर घेतो. त्यानंतर चाकाच्या वरच्या पायातला ओलिओ, म्हणजे तेल आणि वायू भरलेला धक्काशोषक, दबू लागतो. टायर नुसता दबतो आणि परत उसळतो, दणका जिरवायचं खरं काम ओलिओचं. त्यातलं तेल बारीक भोकातून जोरात ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. वरचा नायट्रोजन दबून विमानाचा भार तोलतो. सुरुवातीच्या विमानांना रबरी दोर असत, ते दणका साठवून विमान पुन्हा उडवत. तोफेचा मागचा झटका आवरणाऱ्या रचनेवरून 1915 मध्ये ओलिओचं पेटंट निघालं आणि हा प्रश्न बराचसा सुटला.

टायरच्या हवेचा प्रश्न मात्र सुटायला फार काळ गेला. 1986 मध्ये मेक्सिकोत अतितापलेल्या ब्रेकमुळे साधी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर फुटला आणि विमान पडलं. मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजन सक्तीचा झाला तो त्यानंतर.

पण कोणता वायू भरला यापेक्षा किती भरला हे जास्त महत्त्वाचं, असं 1991 च्या जेद्दा अपघातावरून ठामपणे म्हणता येतं. तिथे दोन टायरमध्ये दाब कमी असल्याचं मेकॅनिकला आधीच दिसलं होतं. नायट्रोजन हाताशी नव्हता आणि उशीर नको म्हणून विमान तसंच सोडलं. एकाच आसावर दोन चाकं असली की कमी हवेच्या टायरचा भार शेजाऱ्यावर जातो. जेद्दाला आधी फुटला तो शेजारचाच. मग कमी हवेचा टायरही फुटला, ते चाक फिरायचं थांबलं आणि घासून पेटलं. आग आत शिरली आणि 261 जण गेले. तो निर्णय चुकीचाच होता.

जोडचाकांत एकात हवा कमी असली तरी ते फारसं बसलेलं दिसत नाही, कारण भार दुसऱ्याने उचललेला असतो. म्हणून रोज गेज लावायचाच, तोही उतरल्यावर निदान तीन तासांनी. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो. म्हणून हवा सोडली, तर गार झाल्यावर तो कमी भरतो. तीन अंशाला साधारण एक टक्का फरक पडतो. दुपारी 36 अंशांना 200 पीएसआय भरलेला टायर पहाटे 21 अंशांना 190 च्या आसपास दाखवेल. गळती नसतानाही तो 95 टक्क्यांवर आला, तेव्हा भरून घ्यायचा. त्याखाली गेला तर भरून नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच उतरला तर चाक काढायचं. 180 च्या खाली, म्हणजे 90 टक्क्यांच्याही खाली, गेलेल्या टायरमध्ये नुसती हवा भरून भागत नाही. तो काढायचाच. 160 च्या खाली गेला, तर त्याच आसावरचा जोडीदारही काढायचा, कारण जादा भार त्यानेच सोसलेला असतो आणि आतले थर सुटले असले तरी बाहेरून काही कळत नाही.