व्हीआरएसमध्ये "जितकी जास्त सर्व्हिस तितके जास्त पैसे"? नाही हो

"माझी ३२ वर्षं सर्व्हिस झालीय, वर्षाला २ महिने म्हणजे ६४ महिन्यांचा पगार मिळणार ना?"

नाही, तुम्ही ५७ चे असाल तर ३६ महिन्यांचाच. सरकारी बँकांची २००० सालची व्हीआरएस घ्या. त्यात दर पूर्ण वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा रिटायरमेंटला उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी ते, असं होतं. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि "जे कमी ते" सोयीस्कर विसरतात, मग हिशोब करताना घरी सगळे खूश आणि लेटर हातात आलं की भांडण!

समजा कोणी २५ व्या वर्षी लागला, रिटायरमेंट ६० ला. पन्नाशीत निघाला तर सर्व्हिसचे ५० महिने, उरलेले १२०, मिळणार ५०. पंचावन्नला दोन्हीकडे ६०, हाच टॉप. त्यानंतर थांबलात की दर वर्षी १२ महिने उडतात, ५९ ला फक्त १२ उरतात, सर्व्हिस ३४ वर्षांची असली तरी. उशिरा नोकरीला लागलेल्याचा टॉप पंचावन्नच्या पुढे सरकतो, पण त्याची रक्कमही कमीच.

कारण साधं आहे, नोकरीत राहून जेवढा पगार मिळाला असता त्याहून जास्त घरी बसायला कोण देईल? ग्रॅच्युइटी, पेन्शन वगैरे वेगळं, ते या कॅपमध्ये येत नाही.