गंधोपचार, स्मृतिभ्रंशातील

निवासी देखभाल केंद्रात किंवा वृद्धाश्रमात राहणाऱ्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची चिडचिड, येरझाऱ्या, ओरडणे, कपडे ओढणे यांवर सौम्य वासाची अर्कतेले वापरण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. अर्कतेल म्हणजे पान, फूल किंवा साल यांतून काढलेले, हवेत चटकन उडून जाणारे तेल. बाजारात ते ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून मिळते. देवळासमोर मिळणारे अत्तर किंवा घरातले वासाचे खोबरेल यापेक्षा ते कितीतरी तीव्र असते. म्हणून ते नुसते कधीच कातडीला लावत नाहीत, साध्या तेलात मिसळून हाताला चोळतात किंवा कापसावर एखादा थेंब घेऊन जवळ ठेवतात. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केला. त्याच नावाचे त्याचे पुस्तक १९३७ साली निघाले. वृद्धांच्या देखभालीत ही पद्धत पुष्कळ नंतर आली आणि तिची सर्वांत कसोशीची परीक्षा ब्रिटनमध्ये झाली.

त्या परीक्षेतले मुख्य तेल होते लेमन बामचे, म्हणजे मेलिसा या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीचे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्रिटनमधल्या देखभाल केंद्रांतले, तीव्र स्मृतिभ्रंश असलेले ७२ वृद्ध होते. निम्म्यांच्या चेहऱ्याला आणि हातांना मेलिसायुक्त लोशन दिवसातून दोनदा लावले, निम्म्यांना सूर्यफूल तेलाचे. चार आठवड्यांनी अस्वस्थतेचे गुण मोजले. मेलिसा गटात ६० टक्के जणांची अस्वस्थता किमान ३० टक्क्यांनी उतरली होती, दुसऱ्या गटात फक्त १४ टक्के जणांची. हे आकडे मग जिकडेतिकडे फिरले. तेलाच्या जाहिरातींत ते आजही भेटतात, पण त्यांच्या पुढची हकिगत तिथे नसते.

मेलिसाला लिंबासारखा वास येतो आणि सूर्यफुलाच्या तेलाला जवळजवळ येत नाही, हीच त्या चाचणीची अडचण होती. लावणाऱ्याला आणि नोंद करणाऱ्याला कोणते तेल आहे ते नाकानेच कळणार. गुण देणारा माणूस अपेक्षेने बघू लागला की येरझाऱ्या कमी भासतात. म्हणून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरीक्षकांच्या नाकाला चिमटे लावले. ११४ जणांच्या त्या चाचणीत मेलिसा, डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचे औषध आणि दोन्ही नसलेला गट, अशी तुलना होती. मेलिसा बाकीच्यांपेक्षा सरस ठरले नाही. मात्र तिन्ही गटांची स्थिती काही प्रमाणात सुधारली, आणि हीच नोंद महत्त्वाची आहे. कारण तिन्ही गटांत रोज कोणीतरी येऊन शेजारी बसत होते आणि हात हातात घेत होते. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १३ अभ्यास आणि ७०८ वृद्ध होते; त्यातही ठाम फायदा दिसला नाही.

वासाचा परिणाम कमी का पडावा, याला एक साधे कारण आहे. अल्झायमरमध्ये गंधज्ञान फार लवकर जाते, अनेकदा विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येण्याआधीच. भाजी करपल्याचे आजींना कळत नाही, ते नेहमी दुर्लक्षामुळेच असते असे नाही. अशा माणसाच्या खोलीत लॅव्हेंडर दरवळले तर त्याचा लाभ बहुधा मावशींना आणि भेटायला आलेल्या सुनेला होतो. तेव्हा ही पद्धत वापरायचीच असेल तर औषध म्हणून वापरू नये. हात चोळायला एक निमित्त म्हणून वापरावी.

भारतात तेल विकत घेताना एक गफलत वारंवार होते. मेलिसाच्या पानांतून तेल अत्यल्प निघते, त्यामुळे ते फार महाग असते आणि त्यात गवती चहाचे किंवा सिट्रोनेलाचे तेल सर्रास मिसळतात. सिट्राल हे लिंबाच्या वासाचे द्रव्य मेलिसा आणि गवती चहा या दोन्हींत असल्याने नाकाला फरक कळत नाही. स्वस्तात मिळालेले ‘लेमन बाम’ बहुतेक वेळा गवती चहाच असतो आणि वृद्धांच्या कातडीला तो झोंबू शकतो. लॅव्हेंडर त्यामानाने सौम्य. पण त्याचीही बाटली उघडून बरेच महिने झाले की त्यातले लिनालूल हवेशी संयोग पावते आणि पुरळ उठवणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितात. कापूर आणि निलगिरी आपल्याकडे प्रत्येक घरात असले तरी ही दोन या कामाला घेत नाहीत. फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना ती धोक्याची आहेत आणि गिळली गेल्यास विषारी.

प्रमाणाचा हिशोब असा. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर ३० मिलिलिटर साध्या तेलात ६ थेंब म्हणजे एक टक्का. नाजूक कातडीसाठी ३ थेंबांपासून, म्हणजे अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करतात. मूळ तेल सूर्यफुलाचे किंवा ओळखीचे खोबरेल चालते. तीळ, बदाम, शेंगदाणा यांची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारावे लागते.

संमती हा या पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग. मुलाने दाखल करताना फॉर्मवर केलेली सही हाताला तेल लावायची परवानगी ठरत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या मेंटल कपॅसिटी ॲक्ट, २००५ नुसार क्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते: बँकेचा व्यवहार न समजणाऱ्या माणसाला हात पुढे करायचा की नाही हे समजू शकते. भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नेही निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कळवता येतो हे मान्य केले आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ इतकाच की दर वेळी नव्याने विचारायचे आणि उत्तर शरीरातही शोधायचे. हात सैल सोडला, तळवा वर केला, बोटे धरून ठेवली, तर होकार. कोपर अंगाशी ओढले, मूठ वळली, मान फिरवली, श्वास भरभर झाला, तर नकार. नकार आला की तेल बाजूला. समजूत घालत राहायचे नाही. ‘काल तर लावून घेतलं होतं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. जुन्या आठवणीही आड येतात. एखाद्या आजी पटकन म्हणतात, “मी काय बाळंतीण आहे?” तो विनोद नसतो; तेल चोळणे त्यांच्या मनात एकाच प्रसंगाशी जोडलेले असते.

त्वचेची पाहणी दिवसाच्या उजेडात, बाही वर करून करतात. क्रम नेहमी तोच ठेवला की काही सुटत नाही: हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंतची आतली बाजू. वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बोटाच्या दाबानेही निळे-जांभळे डाग पडतात. भेग, फोड, ओली जखम असेल तिथे तेल नाही. बेचक्यांत बारीक पुळ्या आणि रात्रीची खाज असेल तर खरजेची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवतात. तेल चोळत बसले तर खरूज मावशींच्या हाताने पुढच्या खाटेवर जाते. दंडावर, छातीवर किंवा पाठीवर रिवास्टिग्माइन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची पट्टी लावलेली असू शकते. तिच्या आसपास तेल गेले तर ती सुटते आणि औषधाची मात्रा बिघडते. इंग्रजी पुस्तकांत प्रतिक्रियेची खूण म्हणून ‘लाल होते’ असे असते, पण सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. डाग आसपासपेक्षा गडद किंवा जांभळट दिसतो. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने ऊब पाहतात, फुगीरपणा चाचपतात आणि दुसऱ्या हाताशी ताडतात. पहिल्यांदा वापरण्याआधी मिश्रणाचा एक थेंब कोपराच्या आत लावून २४ आणि ४८ तासांनी पाहण्याचा रिवाज आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या केंद्रात ८२ वर्षांच्या आजी आहेत. कातरवेळ झाली की त्या दाराकडे निघतात: “पोरं शाळेतून येतील, मला घरी जाऊ दे.” तेलाचा विचार होण्याआधी गुडघा दुखतो का, पोट साफ आहे का, लघवीला जळजळ आहे का, हे पाहिले. दोन दिवस शौचाला झालेली नव्हती. ते सुटल्यावर त्रास थोडा उतरला, पण गेला नाही. मग पहिल्या आठवड्यात काहीही न लावता दाराकडच्या खेपा मोजल्या. रोज सहा-सात. दुसऱ्या आठवड्यात चारच्या चहानंतर मावशींनी खुर्ची ओढून, “आजी, हाताला तेल लावू का?” असे विचारून साधे खोबरेल प्रत्येक हाताला चार-चार मिनिटे लावले. खेपा चारवर आल्या. दोन दिवस आजींनी हात पदराखाली घेतला, ते दिवस तसेच सोडले. तिसऱ्या आठवड्यात त्याच खोबरेलात एक टक्का लॅव्हेंडर. खेपा चारच राहिल्या. लेकीने सांगितले की आईला वाळ्याचा वास आवडायचा, लॅव्हेंडर तिने कधी पाहिलेही नाही. कापसावर वाळा नाकाशी धरला तेव्हा आजींनी मान हलवली नाही की फिरवली नाही. वास बहुधा पोचलाच नाही. शेवटी केंद्राने लॅव्हेंडर बंद केले आणि चारची खुर्ची, खोबरेल व मावशी कायम ठेवल्या. असा साध्या तेलाचा आठवडा मध्ये घातला नसता तर सगळे श्रेय लॅव्हेंडरला गेले असते.

सामायिक दिवाणखान्यात डिफ्यूझर दिवसभर चालू ठेवण्याची पद्धत अनेक केंद्रांत आहे आणि ती टाळण्याजोगी आहे. तिथे बसलेल्या पंधरा जणांपैकी कोणी होकार दिलेला नसतो, दम्याच्या माणसाला खोकला सुरू होतो आणि खोलीतून उठून जाणे त्याला स्वतःहून जमत नाही. वास हवा असेल तर एकाच माणसाच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, पंधरा-वीस मिनिटे. तळपायाला तेल लावल्यास ते पूर्ण पुसून मोजे-चपला घातल्याशिवाय उभे करत नाहीत. फरशीवर पाय सरकून खुबा मोडला तर तो अपघात उरलेल्या आयुष्याची दिशा बदलतो.

चोळताना किंवा नंतर खाज, गडद डाग, सूज दिसली तर मिश्रण आधी साध्या तेलाच्या बोळ्याने पुसतात, मग कोमट पाणी आणि साबणाने धुतात आणि तेलाचे नाव, प्रमाण, वेळ नोंदवहीत टाकतात. श्वास घरघरला किंवा ओठ सुजले तर वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. बाटल्या औषधांच्या कुलुपात ठेवतात, कारण स्मृतिभ्रंश झालेला माणूस लहान बाटली सरबत समजून तोंडाला लावू शकतो. तसे झाले तर उलटी करवत नाहीत, कारण तेल फुप्फुसात जाते. बाटली सोबत घेऊनच रुग्णालय गाठतात.