शिल्लक सत्तावीस न्यूटन-मीटर

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडमध्ये पुठ्ठ्याच्या पेट्या उचलून रचण्यासाठी रोबोटचा एक हात बसवला होता. पेटीत एक डझन हापूस, म्हणजे पेटीसह वजन साधारण साडेतीन किलो. शेजारीच बायका आंबे निवडून पेट्या भरत असल्यामुळे भोवती जाळीचे कुंपण घातलेले नव्हते. माणसाला धक्का लागताच हात आपोआप थांबेल, असा भरवसा होता. फेब्रुवारीतल्या पहाटे मात्र समोर कोणी नसताना हा हात पेटी उचलायला लागताक्षणी वारंवार थांबू लागला. कंटाळून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन धक्क्याची मर्यादा 60 वरून 90 केली आणि तक्रार मिटली. ती मिटली खरी, पण तिच्यासोबत आणखी काय गेले, हे समजायला या यंत्राला स्पर्श कसा कळतो ते पाहावे लागेल.

या हाताच्या त्वचेत कोणतेही संवेदक नाहीत. त्याला कळतो तो फक्त प्रत्येक सांध्यातल्या मोटरने घेतलेला विद्युतप्रवाह. मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. समजा, खांद्याच्या सांध्यातली मोटर दर अँपिअरला 0.1 न्यूटन-मीटर पीळ देते आणि पुढची गिअरपेटी तो शंभरपट करते; गिअरमधले नुकसान तूर्त बाजूला ठेवले, तर एक अँपिअर म्हणजे सांध्याशी 10 न्यूटन-मीटर. कोणी हाताला ढकलले की ठरलेल्या मार्गावर राहण्यासाठी मोटर कमी किंवा जास्त प्रवाह घेते, आणि तेवढ्यावरून धक्का ओळखायचा असतो.

अडचण अशी की हा प्रवाह धक्क्याशिवायही सतत बदलत असतो. हाताचे स्वतःचे वजन पेलायला, वेग वाढवायला आणि घर्षणावर मात करायला तो लागतोच. म्हणून नियंत्रक एक हिशेब ठेवतो: या क्षणी, या स्थितीत, या वेगाने जाताना किती पीळ लागायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती लागला. दोहोंतली शिल्लक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की धक्का बसला असे मानायचे. या हिशेबात सांध्याचे त्वरण धरायचे, तर मोजलेल्या कोनाच्या बदलाचा दर दोनदा काढावा लागतो आणि आकडे फार थरथरतात. रोमच्या आलेस्सांद्रो दे लुका आणि राफाएला मात्तोने यांनी 2005 साली मांडलेल्या पद्धतीत त्वरणाऐवजी संवेगाचा ताळेबंद ठेवला जातो, आणि त्याला फक्त वेग पुरतो. मोबदल्यात शिल्लक थोडी उशिरा दिसते. हा उशीर 20 मिलिसेकंदांच्या आसपास धरू.

आता आपल्या शेडकडे येऊ. त्या हाताला उचललेल्या पेटीचे वजन कोणी सांगितलेच नव्हते. पकड रिकामीच आहे, असे तो समजत होता. खांद्यापासून 0.8 मीटरवर साडेतीन किलो लटकले की सुमारे 27 न्यूटन-मीटर पीळ जास्त लागतो, म्हणजे जवळपास पावणेतीन अँपिअर. त्यात रात्रभर बंद राहिलेल्या गिअरपेटीतले ग्रीस पहाटेच्या गारव्यात घट्ट झालेले. समजा, त्यामुळे घर्षण 15 न्यूटन-मीटरने वाढले. वर जाताना दोन्ही बेरजेत येतात, म्हणून शिल्लक 42. उचलण्याच्या पहिल्या झटक्याला त्यात थोडी चूक मिसळली की 60 ची मर्यादा सहज ओलांडली जाते. पेटी उचलतानाच हात का थांबत होता, याचे उत्तर हेच.

यातले दोष वेगळे कसे काढायचे? तोच मार्ग, तोच वेग ठेवून हात पेटीसकट एकदा वर आणि एकदा खाली न्यायचा, दोन्ही वेळची शिल्लक नोंदवायची. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, त्यामुळे दिशा बदलली की त्याचे चिन्ह उलटते. वजनाचे चिन्ह मात्र तेच राहते. इथे वर जाताना 42 आणि खाली येताना 12 मिळतील. त्यांची सरासरी 27, हा वजनाचा दोष. फरकाचा अर्धा भाग 15, हा घर्षणाचा. इतक्या साध्या चाचणीला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि ती न करता मर्यादेचा आकडा वाढवणे मला अक्षम्य वाटते.

कारण मर्यादा वाढवल्याचा परिणाम उलट्या दिशेला होतो. पेटी खाली ठेवताना एखादीचा हात खाली आला, तर तो पेटीला वर ढकलतो आणि शिल्लक ऋण होत जाते. पण न सांगितलेल्या वजनामुळे ती आधीच 27 ने धन आहे. सकाळी अकराच्या सुमारास, ग्रीस गरम झाल्यावर, मूळच्या 60 च्या मर्यादेलाही 87 न्यूटन-मीटरचा फरक पडावा लागेल, म्हणजे 0.8 मीटरवर सुमारे 109 न्यूटन जोर. मर्यादा 90 केल्यावर तोच जोर 146 न्यूटन होतो. सहकारी रोबोटांसाठीच्या 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 या दस्तऐवजात हात आणि बोटे चिमटली असता 140 न्यूटन ही वरची मर्यादा दिलेली आहे. पहाटेची कटकट बंद करण्याच्या नादात दुपारची सुरक्षितता गेली, आणि पडद्यावर तिची काहीच खूण उमटली नाही.

शिवाय 146 हा जोर शोध लागण्याच्या क्षणीचा असतो, थांबण्याच्या क्षणीचा नव्हे. पेटी सेकंदाला 25 सेंटीमीटर वेगाने खाली येत असेल, तर 20 मिलिसेकंदांत ती 5 मिलिमीटर सरकते. त्याच दस्तऐवजात हाताचा ताठरपणा दर मिलिमीटरला 75 न्यूटन धरलेला आहे. यंत्र आणि पुठ्ठा दोन्ही थोडे दबतात म्हणून प्रत्यक्षातला जोर गुणाकाराइतका वाढत नाही, तरीही वेग कमी ठेवणे आणि पकडीच्या कडांना मऊ आवरण लावणे का गरजेचे आहे, हे यातून दिसते. म्हणूनच शेवटची खात्री हिशेबाने करत नाहीत. तितक्याच ताठरपणाच्या स्प्रिंगचे जोरमापक यंत्र खाली ठेवून हात प्रत्यक्ष त्यावर आदळवतात.

या पद्धतीची एक मर्यादा कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. धक्का खांद्याच्या जितका जवळ, तितका त्याचा पीळ कमी: 0.2 मीटरवर 60 न्यूटन-मीटर म्हणजे 300 न्यूटन. आणि गिअरपेटीतल्या घर्षणापेक्षा हलका स्पर्श मोटरपर्यंत पोहोचतच नाही. नाजूक कामाला म्हणून गिअरच्या पुढे, सांध्याच्या बाहेरच्या बाजूला टॉर्क मोजणारे संवेदक बसवतात. असे रोबोट महाग असतात.

आमच्या शेडमध्ये पकडीला पेटी उचलली की वजन 3.5 किलो आणि ठेवली की शून्य, असे सांगणारी ओळ कार्यक्रमात टाकली, मर्यादा पुन्हा 60 वर आणली आणि सकाळी बायका यायच्या आधी हाताला पंधरा मिनिटे रिकामा फिरवण्याचा शिरस्ता घातला. आणखी एक बदल केला. आधी धक्का कळताच हात ब्रेक लावून जागच्या जागी उभा राहत असे, म्हणजे खाली कोणाची बोटे असतील तर ती दाबलेलीच राहत. आता तो थांबल्यावर आल्या वाटेने दोन सेंटीमीटर मागे जातो.