नदीकाठचं कुंपण आणि मधली तार

नदी सरळ वाहते आहे आणि तिच्या काठाला लागून आयताकृती जागा शेळ्यांसाठी बंदिस्त करायची आहे. हाताशी २४० मीटर कुंपण आहे. नदीच्या बाजूला पाणीच अडसर आहे, त्यामुळे तिथे काही घालायचं नाही. उरलेल्या तीन बाजू तेवढ्या बंद करायच्या. आत जास्तीत जास्त जागा यावी, तर मापं काय घ्यावीत?

हे कोडं गणिताच्या पुस्तकांत इतक्या वेळा येऊन गेलं आहे की बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्याला त्याचं उत्तर बहुधा पाठ असतं. नदीपासून आत येणाऱ्या दोन बाजू ६०-६० मीटर, समोरची बाजू १२० मीटर. उत्तर बरोबर आहे, पण पाठ केलेल्या या आकड्यांचा उपयोग फार पुढे जात नाही. त्याच जागेत मधून एक तार ओढून करडं वेगळी ठेवायची म्हटलं, की सगळी मापं बदलतात. तेव्हा काय बदलतं आणि काय मुळीच बदलत नाही, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

आधी नावं ठरवून घेऊ. काठाला समांतर जाणारं कुंपण ते ‘आडवं’ आणि पाण्यापासून आत येणारं ते ‘उभं’.

बहुतेकांचं मन पहिल्यांदा चौरसाकडे धावतं. ठरावीक घेरात चौरसाइतकी जागा दुसऱ्या कुठल्याच आयतात मावत नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. तीन बाजू ८०-८० मीटर घेतल्या तर जागा होते ६,४०० चौरस मीटर. आता उभ्या बाजू ६० आणि आडवी १२० घेऊन पाहा. कुंपण तेवढंच लागलं, पण जागा झाली ७,२०० चौरस मीटर. फरक ८०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ आठ गुंठ्यांचा. चौरसाचा नियम खोटा नाही, पण तो चारही बाजूंना कुंपण लागतं तेव्हाचा आहे. इथे एक बाजू फुकट मिळाली आहे आणि फुकटची बाजू लांब घेण्यातच फायदा आहे.

पण किती लांब? आडवी बाजू २०० मीटर केली तर उभ्यांना २०-२० मीटरच उरतात आणि जागा ४,००० वर घसरते. मधे कुठेतरी शिखर आहे.

ते शोधायची एक जुनी युक्ती पिएर द फर्मा याची. तुलूजच्या न्यायालयातली नोकरी सांभाळून गणित करणारा हा माणूस. १६३०च्या दशकात, न्यूटनचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा, त्याने महत्तम मूल्य काढायची पद्धत लिहून ठेवली होती. उभी बाजू क्ष धरा. आडवी बाजू २४० − २क्ष, म्हणून जागा २४०क्ष − २क्ष². आता उभी बाजू अगदी किंचित, ‘च’ इतकी वाढवा. जागेत पडणारा फरक २४०च − ४क्षच − २च² एवढा येतो. त्याला च ने भागा, म्हणजे २४० − ४क्ष − २च उरतं. शिखरापाशी किंचित सरकल्याने जागा जवळजवळ बदलत नाही, म्हणून च सोडून द्या आणि उरलेलं शून्य धरा: २४० = ४क्ष, क्ष = ६०. आधी च ने भागायचं आणि मग तोच शून्य मानायचा, ही चलाखी त्या काळातल्या लोकांनाही खटकली होती. तिला पक्का पाया मिळायला पुढे दोन शतकं जावी लागली. आज आपण तिलाच विकलन म्हणतो.

या कोड्याला मात्र विकलनाचीही गरज नाही. कुंपणाकडे वेगळ्या नजरेने बघितलं की पुरे. सगळं आडवं कुंपण एका ढिगात ठेवा आणि सगळं उभं दुसऱ्या ढिगात. दोन्ही ढीग मिळून २४० मीटर. आयताची लांबी म्हणजे आडवा ढीग आणि रुंदी म्हणजे उभ्या ढिगाचा निम्मा, कारण उभ्या बाजू दोन आहेत. म्हणजे जागा = आडवा ढीग × उभा ढीग ÷ २. भागिले दोन तर ठरलेलंच आहे. आपल्या हातात आहे ते फक्त दोन ढिगांचा गुणाकार वाढवणं, आणि त्यांची बेरीज पक्की आहे. एक ढीग १२० + क आणि दुसरा १२० − क असेल, तर गुणाकार १४,४०० − क² होतो. क² कधी ऋण होत नाही, तेव्हा क शून्य असतानाच गुणाकार सर्वांत मोठा. दोन्ही ढीग सारखे, १२०-१२०. आडवी बाजू १२०, उभ्या ६०-६०.

या एका ओळीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. चूक किती महाग पडेल, हेही तीच सांगते. उभ्या बाजू ६० ऐवजी ५५ मीटर घेतल्या तर उभा ढीग ११० होतो, क झाला १०. जागा (१४,४०० − १००) ÷ २, म्हणजे ७,१५०. फक्त ५० चौरस मीटर गेले, अर्धा गुंठा. पण उभ्या बाजू ४० मीटर घेतल्या तर क होतो ४० आणि ८०० चौरस मीटर जातात. चूक चौपट, नुकसान सोळापट. शिखर माथ्यावर सपाट असतं, त्यामुळे पावलं टाकून माप घेणाऱ्यानेही फार काळजी करायचं कारण नाही. वाटेत मोठा दगड किंवा झाड आलं तर खांब खुशाल थोडा सरकवावा. (आयताचा हट्टच सोडला आणि कुंपण अर्धवर्तुळात फिरवलं, तर याच २४० मीटरमध्ये सुमारे ९,१७० चौरस मीटर येतात. पण तार दोन खांबांमध्ये सरळच ताणली जाते आणि शेजाऱ्याचा बांध काही गोल नसतो.)

आता मधली तार. करडं एकीकडे, मोठ्या शेळ्या दुसरीकडे, आणि दोघांनाही पाण्यापर्यंत जाता यायला हवं. म्हणजे मधलं कुंपण उभं, पाण्यापासून थेट समोरच्या बाजूपर्यंत. कुंपण मात्र तेवढंच, २४० मीटर. जुनीच मापं ठेवली तर १२० आणि तीन वेळा ६०, एकूण ३०० मीटर लागतील. साठ मीटर कमी पडतात. इथे पुष्कळ जण सगळंच त्या प्रमाणात आखडून घेतात: आडवी ९६, उभ्या ४८-४८. जागा ४,६०८.

ढिगांचा हिशेब वेगळं सांगतो. उभ्या बाजू आता तीन झाल्या, म्हणून जागा = आडवा ढीग × उभा ढीग ÷ ३. भाजक बदलला, पण गुणाकार तोच आणि बेरीजही तीच. तेव्हा दोन्ही ढीग पुन्हा १२०-१२०. आडवी बाजू १२० मीटर, म्हणजे पूर्वीचीच! उभ्या १२० मीटरचे तीन भाग, प्रत्येकी ४०. जागा ४,८०० चौरस मीटर. समोरच्या बाजूचे खांब तेवढ्याच लांबीत रोवायचे, फक्त ती ओळ नदीकडे वीस मीटर सरकवायची. मधली तार बरोबर मध्यावर हवी असंही नाही. करडांना तिसरा हिस्सा दिला तरी एकूण जागा बदलत नाही, कारण उभी बाजू कुठेही घातली तरी ४० मीटरचीच.

दोन उभ्या तारा मधे घातल्या तर भाजक ४ होतो आणि जागा ३,६००. आडवी बाजू तेव्हाही १२०च. उत्तर तपासायची सोपी खूण यातूनच मिळते: शेवटी आडवं कुंपण आणि उभं कुंपण वेगवेगळं मोजा. दोन्ही सारखी आली नाहीत, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे, किंवा जागेनेच आपल्याला अडवलं आहे.

मधलं कुंपण बाहेरच्याइतकं भक्कम लागतंच असं नाही. बाहेर पाच पदरी काटेरी तार आणि मधे दोनच पदर, असं ठरवलं तर मीटरऐवजी तार मोजावी. २४० मीटर गुणिले पाच, म्हणजे १,२०० मीटर तार आहे. खांबांचा खर्च सध्या सोडून देऊ. निम्मी तार, ६०० मीटर, आडव्या बाजूला. पाच पदरांनी ती १२० मीटर पुरते. पुन्हा तेच १२०! उरलेली ६०० मीटर तार उभ्यांना, पण त्यांना रुंदीच्या दर मीटरला ५ + ५ + २ = १२ मीटर तार लागते. रुंदी ५० मीटर, जागा ६,०००. एकच दर सगळीकडे नसला तरी नियम टिकतो, फक्त निम्मं कुंपण न म्हणता निम्मा खर्च म्हणायचं.

मधली तार काठाला समांतर ओढली तर? मग आडव्या बाजू दोन, उभ्याही दोन, आणि भाजक दोन गुणिले दोन, चार. जागा ३,६००, उभ्या तारेच्या ४,८०० पेक्षा बरीच कमी. कारण उघड आहे: उभ्या बाजू दोनाच्या तीन होणं म्हणजे दीडपट खर्च, आडवी एकाची दोन होणं म्हणजे दुप्पट. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडून शेळ्या पलीकडे जायला लागल्या, तर मधली तार नसतानाही हीच स्थिती येते. नदी कुंपणाचं काम सोडते, चौथी बाजू घालावी लागते आणि ७,२०० चे निम्मे होतात.

हे सगळं काठावर १२० मीटर मोकळी जागा आहे असं धरून चाललं आहे. प्रत्यक्षात वाटण्या होत होत नदीकाठच्या जमिनींच्या अनेकदा अरुंद, लांबच लांब पट्ट्या झालेल्या असतात. काठाला तोंड थोडं आणि लांबी आत पसरलेली. काठ ९० मीटरच असेल तर शिखरापर्यंत पोचताच येत नाही. मग आडवी बाजू मिळते तेवढी सगळी घ्यायची, ९०, आणि उरलेलं १५० मीटर उभ्यांना. मधली तार नसेल तर जागा ६,७५०, उभी मधली तार असेल तर ४,५००. विकलन करून आलेलं १२० हे उत्तर इथे निरुपयोगी आहे.

काठ आणखी आखूड झाला की पारडं फिरतं. चाळीस मीटरच काठ असेल तर उभी मधली तार घालून रुंदी २०० ÷ ३, सुमारे ६७ मीटर, आणि जागा साधारण २,६७० चौरस मीटर. तीच तार काठाला समांतर घातली तर दोन आडव्या मिळून ८० मीटर जातात, उभ्यांना ८०-८० उरतात आणि जागा होते ३,२००. काठ बरोबर ६० मीटर असेल तर दोन्ही रचनांत ३,६००. त्याहून लांब काठाला उभी तार, त्याहून आखूड काठाला आडवी. फक्त आडव्या तारेच्या मागच्या कप्प्यातल्या शेळ्यांना नदी दिसत नाही, त्यांचं पाणी वाहून न्यावं लागतं.